घट्ट मास्तरांची चार पानं

माझ्या लेकीचे हातमोजे मास्तरांनी पहिल्याच दिवशी काढून घेतले आणि कपाटात ठेवून दिले. आमची ओळख तिथून सुरू झाली, आणि ती भांडणाने सुरू झाली हे आधीच सांगून टाकते.

हातमोजे मी आणले होते. चामड्याचे, मनगटाच्या वर येणारे, आतून लोकरीचं अस्तर लावलेले. तीन दुकानं पालथी घालून निवडले होते. लेकीने बारावीनंतर फिटरच्या दोन वर्षांच्या शिक्षणक्रमाला प्रवेश घेतला, तेव्हा हिच्या बाबांनी लगेच मान डोलावली. माझ्या डोळ्यांसमोर मात्र फिरणारी यंत्रं आणि तिची लांब, निमुळती बोटं एवढंच येत राहिलं. संस्थेच्या नियमाप्रमाणे पहिल्या तीन आठवड्यांत शाखा बदलता येते. तिसऱ्या आठवड्याच्या शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत कार्यालयाच्या खिडकीवर अर्ज द्यायचा, की मुलगी वर्कशॉपमधून उठून नकाशे काढायच्या वर्गात जाऊन बसते. समोर संगणक, पाठीला खुर्ची, डोक्यावर पंखा. लेक अजून सतरा वर्षांची, त्यामुळे अर्जावर सही पालकांची लागते. तो अर्ज भरून मी पर्समध्ये ठेवला होता आणि लेकीला ते माहीत होतं. त्या दिवसांत आमच्या घरात जेवताना चमच्यांचाच आवाज जास्त येत असे.

हातमोजे गेल्याचं कळल्यावर मी दुसऱ्या दिवशी ग्रंथालयातून अर्धी रजा काढली आणि तडक वर्कशॉपवर गेले.

लांबलचक खोली, पत्र्याचं छप्पर, उंचावर खिडक्या. तेलाचा आणि नुकत्याच कापलेल्या लोखंडाचा वास. मधोमध लाकडी बाकांच्या रांगा, प्रत्येक बाकाला व्हाइस, म्हणजे वस्तू पकडायचा लोखंडी जबडा. पलीकडच्या भिंतीला लागून चार ड्रिल मशीन उभी होती. माणसाच्या उंचीचा खांब, त्यावर मोटर, मोटरखाली चक नावाची पकड, तिच्यात खाली तोंड करून टांगलेलं बिट, म्हणजे भोक पाडायची पिळाची सळी, आणि त्याच्या खाली खाचा पाडलेलं जाड टेबल. मशीनच्या चारही बाजूंनी जमिनीवर पिवळा पट्टा रंगवलेला. त्या पट्ट्याच्या आत मास्तर खाली वाकून ब्रशने टेबलावरचा चुरा झाडत होते.

मास्तर साठीकडे झुकलेले, बारीक चणीचे. बाह्या कोपरांच्या वर दुमडलेल्या, घड्याळ भिंतीवरच्या खिळ्याला अडकवलेलं, कानावर पेन्सिल. पोरं त्यांना पाठीमागे ‘घट्ट मास्तर’ म्हणतात हे मला लेकीकडून कळलं होतं. कारण कुणीही काहीही करायला निघालं की ते एकच विचारतात, ‘घट्ट?’ वस्तू टेबलावर आवळली की घट्ट? बिट चकमध्ये बसवलं की घट्ट? बुटाची नाडी दिसली तरी घट्ट? स्टोअर सांभाळणाऱ्या ताई तर म्हणतात, मास्तरांनी लग्नात मुंडावळ्याही दोनदा ओढून बघितल्या असतील.

मी तावातावाने बोलले. मुलीच्या संरक्षणासाठी आईने दिलेली वस्तू परस्पर काढून घेणारे तुम्ही कोण, असा एकूण सूर होता. मास्तरांनी मला मध्ये तोडलं नाही. माझं संपल्यावर त्यांनी एका मशीनचा प्लग भिंतीतून काढला आणि तो मला दिसेल असा टेबलाच्या कडेला ठेवला. मग चकमध्ये बिट बसवून चावीने आवळलं, चावी काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली.

“ही धरा. तुमच्या हातात आहे तोवर ती चकमध्ये राहिलेली नाही, एवढी खात्री.”

चावी चकमध्ये विसरून मशीन सुरू केलं तर ती गोळीसारखी सुटते, हे मला नंतर कळलं. त्या क्षणी मी नुसती चावी धरून उभी राहिले. त्यांनी कपाटातून माझ्या हातमोज्यांतला एक काढला, कानशीच्या लाकडी मुठीवर चढवला आणि अस्तराची लोकर बिटला टेकवली. दुसऱ्या हाताने चक हळूच पाव फेरा फिरवला. लोकरीचा एक धागा बिटच्या खाचेत गेला. आणखी अर्धा फेरा झाला. धाग्यामागून अस्तर गेलं, अस्तरामागून अंगठा वळला, आणि मूठ त्यांच्या हातातून निसटून बिटला लटकली.

“हे मी हाताने फिरवलं. मोटर मिनिटाला सातशे फेरे घेते,” ते म्हणाले. “उघड्या हाताला लागतं, पण तो मागे येतो. मोजा हाताला मागे येऊ देत नाही.”

हातमोजा सोडवायला त्यांना कात्री लागली.

पण भीती अशी एका प्रात्यक्षिकाने जात नाही. उलट मला आणखी एक गोष्ट कळली होती जिला घाबरायचं. मी पर्समधून अर्ज काढला. त्यावर शिक्षकाची शिफारस लागते. मला वाटलं होतं ते वाद घालतील, मुलीच्या हुशारीचे गोडवे गातील, मुलींनी पुढे यायला हवं वगैरे सांगतील. त्यांनी कानावरची पेन्सिल बाजूला ठेवली, खिशातलं पेन काढलं आणि शिफारशीच्या जागी सही करून अर्ज परत दिला.

“ताई, अर्ज द्यायचा की नाही हे तुमचं. घाबरण्यात चूक काही नाही. फक्त कशाकशाची भीती वाटते ते मला लिहून द्या. एकही सोडू नका.”

मी घरी गेले आणि लिहायला बसले. तेवीस भीत्या निघाल्या. हिच्या बाबांनी यादी वाचली आणि छप्पर कोसळण्याची भीती यात राहून गेली म्हणाले. लेक हसली नाही. तिने यादीतला सातवा मुद्दा वाचला आणि मला विचारलं, मी डावरी आहे हे तुला इतकं कशाला आठवायचं होतं?

मास्तरांनी ती यादी उभ्या उभ्या वाचली. पेन्सिलीने खुणा करत गेले. नऊ भीत्या त्यांच्या चार पानांत आधीपासून होत्या. अकरा दुसऱ्या यंत्रांच्या होत्या किंवा अशा होत्या ज्या कुठल्याच यंत्रावर खऱ्या होत नाहीत. तीन उरल्या, आणि त्या तिन्हींवर ते बराच वेळ थांबले. डावऱ्या मुलीचं काय? मशीनवर असताना मागून कुणी हाक मारली आणि तिने वळून बघितलं तर? ऐन वेळी चक्कर आली तर?

चार पानं म्हणजे त्यांचं टिपण. नव्या मुलांना ड्रिल मशीनला हात लावण्याआधी ते मिळतं, आणि मोठ्याने वाचून दाखवावं लागतं. कारखान्यातली बावीस वर्षं संपवून ते शिकवायला आले त्या वर्षी त्यांनी ते हाताने लिहिलं होतं. दरवर्षी त्याची झेरॉक्स, मग झेरॉक्सची झेरॉक्स. आता अक्षरं मुंग्या पांगल्यासारखी दिसत होती. त्यांनी तिथल्या तिथे समासात तीन ओळी वाढवल्या. ‘डावऱ्यांनीही बिट खाली आणण्याचा दांडा उजव्या हातानेच चालवावा, डाव्याने चालवला तर हात बिटच्या समोरून ओलांडतो.’ ‘मशीनवरच्या माणसाला मागून हाक मारू नये. समोर जावे, दिसावे, थांबावे.’ ‘उपाशीपोटी मशीनवर येऊ नये.’

पंधरा वर्षांत हे तिन्ही मुद्दे मला सुचले नव्हते, असं ते म्हणाले. खुशामत नव्हती ती. नोंद केल्यासारखं म्हणाले. मी आयुष्यात पुष्कळ काळज्या केल्या आहेत, पण माझ्या काळजीचा कुणाला उपयोग झाल्याचं पहिल्यांदाच ऐकत होते. त्या भरात मी म्हटलं, हे मी तुम्हाला नीट टाइप करून देते, आकृत्याही नव्याने काढून देते.

पुढचे आठ दिवस मी ग्रंथालय सुटल्यावर वर्कशॉपवर जाऊन बसत असे. एकेक ओळ कळेपर्यंत लिहायची नाही असं मी ठरवलं होतं, आणि एकेक ओळ कळावी म्हणून विचारलं की तिच्यामागचा माणूस बाहेर यायचा. ‘चुरा हाताने झाडू नये, तोंडाने फुंकू नये, ब्रश वापरावा’ ही ओळ त्यांच्या एका सोबत्याच्या डोळ्याची. ‘मशीन बंद केल्यावर चक आपोआप थांबू द्यावा, हाताने थांबवू नये’ ही त्यांच्या धाकट्या मेव्हण्याच्या बोटांची. ‘भोक आरपार जाताना दाब कमी करावा’ याला मात्र त्यांच्याकडे गोष्ट नव्हती, समजावणी होती. बिट पलीकडे निघतं त्या क्षणी समोरचं लोखंड पातळ होतं, बिट त्यात चावा घेतं, आणि वस्तू घट्ट नसेल तर तिला सोबत घेऊन फिरतं. म्हणून सगळा खेळ शेवटच्या दोन फेऱ्यांचा. तोवर सैल वस्तूही साळसूदपणे बसून राहते.

‘सुटलेली वस्तू पकडू नये’ ही ओळ त्यांची स्वतःची. तरुणपणी पितळेची एक पातळ पट्टी त्यांनी हातात धरून ड्रिल केली होती. एकच तर भोक, त्यासाठी कोण आवळत बसणार. पट्टी सुटली, गरगरली, आणि त्यांचा उजवा हात तिला थांबवायला पुढे गेला. करंगळी आणि तिच्याशेजारचं बोट तेव्हापासून मिटत नाहीत.

“पट्टी भंगारातली होती हो,” ते म्हणाले. “विचार करायला वेळ मिळाला असता तर मी हात घातला नसता. हात विचारून जात नाही.”

म्हणून ते मुलांचा हात शिकवत बसत नाहीत, पाय शिकवतात. मशीन बंद असताना मुलं एकेक करून समोर उभी राहतात. मास्तर इकडे तिकडे बोलत असतात, आणि मध्येच ‘सुटला!’ म्हणतात. ते ऐकताच उजव्या हाताने लाल बटण दाबायचं, डावा हात पाठीमागे न्यायचा आणि एक पाऊल मागे. दिवसाला वीसदा. पोरं याला ‘नाच’ म्हणतात. मी बसले असताना एकदा एका मुलाने मास्तरांना विचारलं, पेटी-तबला आणू का? मास्तर म्हणाले, आण, पण आधी पाऊल नीट टाक. माझ्या लेकीचा डावा हात पहिल्या दिवशी पुढे जायचा, आठव्या दिवशी पाठीशी जायला लागला. स्वयंपाकघरात माझ्या हातून झाकण निसटलं तेव्हा ती एक पाऊल मागे सरकली. मला हसू आलं.

टिपण तयार झालं. अक्षर टपोरं, ओळींत मोकळी जागा, पाच आकृत्या. सगळ्यात सुंदर आकृती तिसरी होती. व्हाइसमध्ये न मावणारी वस्तू थेट टेबलावर कशी आवळायची, ती. टेबलाच्या खाचेतून वर आलेला बोल्ट, त्यावर आडवी लोखंडी पट्टी, पट्टीचं एक टोक वस्तूवर आणि दुसरं आधाराच्या ठोकळ्यावर. वरून नट आवळला की पट्टी वस्तूला दाबते. मास्तरांच्या जुन्या चित्रात बोल्ट वस्तूच्या अगदी जवळ खेटलेला होता, चित्र एका अंगाला कलल्यासारखं दिसायचं. मी बोल्ट सरकवून पट्टीवर नीट जागा मोकळी सोडली. जवळ बोल्ट आला की पट्टीवरची अक्षरं एकमेकांवर चढत होती, तेव्हा तो ठोकळ्याकडे नेला. दिसायला फार छान झालं.

शुक्रवारच्या दोन दिवस आधी मी ते मास्तरांना दिलं. त्यांनी कौतुक केलं, खुर्ची पुढे ओढली, आणि मला म्हणाले, आता यावरून वस्तू आवळा.

मी म्हटलं, मला येत नाही. ते म्हणाले, मुलांनाही येत नसतं, म्हणूनच पान. त्यांचा शिरस्ता असा की टिपणात एक शब्द बदलला तरी ते टिपण कधीही न केलेल्या माणसाच्या हातात द्यायचं आणि आपण गप्प उभं राहायचं. आजवर ती पाळी स्टोअरच्या ताईंवर यायची. ताई खुशीत म्हणाल्या, बरं झालं बाई, या वर्षी मी सुटले.

मशीनचा प्लग काढलेला होता. मी बांगड्या काढल्या, पदर खोचला, चष्मा लावला. आवळायची वस्तू म्हणून लोखंडाची एक हातभर पट्टी टेबलावर ठेवली. दुसऱ्या आकृतीत सांगितल्याप्रमाणे तिचं लांब टोक डाव्या बाजूला, खांबाला टेकवून ठेवलं. बिट घड्याळाच्या काट्यासारखं फिरतं, तेव्हा वस्तू सुटलीच तर डावं टोक खांबावर अडतं, माणसाकडे येत नाही. ठोकळा वस्तूच्या उंचीचा घेतला. बोल्ट खाचेत सरकवला, आकृतीत होता तिथे. नट पान्याने आवळला, दोन्ही हातांनी, ओठ चावून.

“घट्ट?” मास्तरांनी विचारलं.

घट्ट, मी म्हटलं. त्यांनी लाकडी हातोड्याच्या दांड्याने वस्तूचं मोकळं टोक बाजूने ढकललं. ती सरकली. मी पुन्हा आवळलं, अंगातला जोर काढून. पुन्हा सरकली. मग त्यांनी मला ठोकळा हलवून बघायला सांगितलं. ठोकळा जमिनीत पुरल्यासारखा झाला होता.

तेव्हा मला उमगलं. माझा सगळा जोर ठोकळ्यावर गेला होता. बोल्ट ज्याच्या जवळ, दाब त्याच्यावर. मी चित्र सुंदर करायला बोल्ट सरकवला होता आणि ठोकळा छान आवळून वस्तू मोकळी सोडली होती. पान छापलं गेलं असतं तर चाळीस मुलांनी मनापासून जोर लावून ठोकळेच आवळले असते. त्यातलं एक मूल माझं होतं.

मास्तर रागावले नाहीत, समजूतही काढली नाही. बोल्ट वस्तूजवळ आणायला सांगितला, ठोकळा कागदाची घडी घालून किंचित उंच करायला लावला, आणि पुन्हा आवळायला लावलं. या वेळी निम्म्या जोराने काम झालं. दांड्याने ढकललं तर वस्तूऐवजी सगळं टेबलच हलेलसं वाटलं. त्यांनी ओळ सुचवायला सांगितली. मी लिहिलं, ‘बोल्ट वस्तूच्या जवळ, ठोकळ्यापासून लांब. चित्र वाकडे दिसले तरी हरकत नाही.’ दुसरं वाक्य ते खोडतील असं वाटलं होतं. त्यांनी त्याच्याखाली रेघ मारली.

त्या संध्याकाळी मी लेकीला सांगून टाकलं, शुक्रवारी तू पहिलं भोक पाडशील ते मी बघेन, आणि मग काय ते ठरवेन. ती म्हणाली, भोक नीट पडलं तर अर्ज देणार नाहीस ना? मी हो म्हटलं. तिने हात पुढे केला आणि मी तो हातात घेतला.

शुक्रवारी पहिल्या ड्रिलच्या दिवशी मास्तर पालकांना येऊ देतात, पण पिवळ्या पट्ट्याच्या बाहेर. आम्ही सहा-सात जण होतो. वेळ तीन ते पावणेपाच. प्रत्येकाला लोखंडाचा एक तुकडा मिळाला होता, त्यांनीच करवतीने कापलेला. खूण करायची, पंचने ठोकून बिटला टेकायला खळगा पाडायचा, वस्तू टेबलावर आवळायची, मास्तरांना बोलवायचं, त्यांनी ‘घट्ट’ म्हटलं की मशीन सुरू. लेकीचा नंबर चार वाजता लागला.

तिने केस टोपीत घातले होते, बाह्या वर. टेबल ब्रशने झाडलं, तुकडा ठेवला, बोल्ट जवळ घेतला, आवळला. मास्तरांना बोलावण्याआधी तिने स्वतःच हातोड्याच्या दांड्याने ढकलून बघितलं. मला लांबून काही हललेलं दिसलं नाही. तिला दिसलं. तिने नट सोडला. पुन्हा झाडलं, पुन्हा आवळलं, पुन्हा ढकललं, पुन्हा सोडला. तिच्या मागे उभा असलेला मुलगा तिच्यासमोर येऊन उभा राहिला, दिसला, थांबला, आणि मग म्हणाला, अगं, पुरे की आता, आम्हाला घरं आहेत. रांग हसली. मी घड्याळाकडे बघत होते. सव्वाचार. मला ओरडून सांगावंसं वाटलं की आवळ आणखी, जोर लाव, उरकून टाक. तेव्हाच माझ्या लक्षात आलं की मी तिला काय करायला सांगणार होते.

चौथ्या वेळी तिने तुकडा हातात घेऊन उलटा केला आणि कडेवरून अंगठ्याचं नख फिरवलं. करवतीने कापताना खालच्या कडेला लोखंडाची बारीक धार उभी राहिली होती, नखभरसुद्धा नसेल. त्या धारेवर तुकडा डुलत होता. कितीही आवळलं तरी टेबलाला पूर्ण टेकणार नव्हता. ती मास्तरांना म्हणाली, मला हे कानशीने घासायचंय, मागच्याला नंबर द्या.

बाकावर व्हाइसमध्ये तुकडा धरून तिने चारही कडा घासल्या. घासून झाल्यावर ती पुन्हा रांगेच्या शेवटी उभी राहिली. एकेक भोक पडत गेलं. बिटच्या दोन्ही खाचांतून लोखंडाच्या गुंडाळ्या निघत होत्या, कुणाचं भोक खुणेपासून बाजूला गेलं, कुणाचं नेमकं आलं, पालकांनी टाळ्या वाजवल्या. तिच्या पुढे एक जण उरला असताना पावणेपाच झाले. मास्तरांनी मुख्य स्विच बंद केला.

“माझं राहिलं, मास्तर,” लेक म्हणाली.

“उद्या.”

“दोन मिनिटं लागतील.”

“म्हणूनच उद्या.”

ती ब्रश घेऊन दुसऱ्यांनी केलेला चुरा झाडू लागली. माझ्याकडे तिने बघितलं नाही. बोलणं झालं होतं तसं भोक पडलं नव्हतं आणि कार्यालयाची खिडकी पंधरा मिनिटांत बंद होणार होती.

मी मास्तरांना विचारलं, ही नापास का? त्यांनी गुणांची वही दाखवली. भोक पाडण्याच्या रकान्यात ‘उद्या’ असं लिहिलं होतं. आवळण्याच्या रकान्यात तिला दहापैकी दहा होते, आणि वर्गात दहा आणखी कुणालाच नव्हते. मग त्यांनी खिशातून टिपणाची आमची दुरुस्त प्रत काढली, कानावरची पेन्सिल घेतली आणि तिसऱ्या पानावर लिहिलं, ‘आवळण्याआधी कडांवरून नख फिरवावे. धार लागली तर घासावी.’

“हे पानात नव्हतं,” ते म्हणाले. “तुमच्याही यादीत नव्हतं, ताई. तिने कुठून आणलं?”

मला माहीत नव्हतं. तेवीस भीत्या लिहिणाऱ्या बाईला ही चोविसावी सुचली नव्हती, आणि जिच्यासाठी लिहिल्या तिला भीती न वाटता ती सापडली होती. रांग हसत असताना, घड्याळ पुढे पळत असताना, आईचा अर्ज पर्समध्ये आहे हे ठाऊक असताना तिने सैल वस्तूवर मशीन सुरू केलं नव्हतं. मी बघायला आले होते भोक. त्याहून मोठं काहीतरी बघून झालं होतं, आणि ते करायला तिला कुणी सांगितलं नव्हतं.

कार्यालयाच्या खिडकीवरून आम्ही पुढे गेलो तेव्हा आतला कारकून खुर्चीवरून उठून कुलूप शोधत होता. मी थांबले नाही. फाटकापर्यंत लेक चार पावलं मागून येत होती. मग भराभर चालत बरोबरीने आली.

“दिलास?”

“नाही.”

तिच्या नखांत लोखंडाचा काळा चुरा होता आणि हाताला तेलाचा वास येत होता.

“मग उद्या मला सहाला उठव,” ती म्हणाली. “पहिला नंबर लावायचाय. आणि पोटभर खायला दे, उपाशी गेले तर मास्तर परत पाठवतात. कुणीतरी तसं लिहून ठेवलंय.”